बाय पार्ट्सच्या टेबलमध्ये e^(-2x) आलं की चिन्हं बिघडतात: बिघाड नेमका कुठे ते कसं पकडायचं

सेमिस्टर जवळ आली की दादरला आमच्या क्लासमध्ये एक तक्रार फिरून फिरून येते. "सर, टेबल तर बरोबर आहे, उत्तरातल्या टर्म पण त्याच आहेत, फक्त चिन्हं जुळत नाहीत." वही बघितली की बहुतेक वेळा e च्या डोक्यावर मायनस असतो. e^x असेल किंवा e^(3x) असेल तर हीच मुलं डोळे मिटून बरोबर उत्तर काढतात, आणि e^(-x) किंवा e^(-2x) आलं की तीच मुलं तेच टेबल त्याच पद्धतीने भरून चुकीचं उत्तर आणतात, परत सोडवतात, परत वेगळं चुकीचं उत्तर येतं. म्हणजे मेथड येत नाही असा प्रकार नाहीये. एका ठरावीक जागी घोळ होतोय आणि ती जागा दिसत नाही म्हणून तो परत परत होतो. बारावीला एखाद दुसऱ्या गणितात हे खपून जातं, पण इंजिनिअरिंगला लाप्लास सुरू झालं की तिथे e^(-st) शिवाय पान हलत नाही, मग हा घोळ अख्ख्या चॅप्टरभर पुरतो.

आधी दोन ओळीत मेथड, ज्यांना नीट माहितीये त्यांनी खाली उडी मारा. एका कॉलममध्ये बहुपदी घ्यायची आणि शून्य येईपर्यंत डेरिव्हेटिव्ह घेत खाली जायचं, हा D कॉलम. शेजारी e वाली टर्म ठेवायची आणि प्रत्येक ओळीला एकदा इंटिग्रेट करत जायचं, हा I कॉलम. डावीकडे चिन्हं, प्लस मायनस प्लस मायनस. मग गुणाकार तिरका करायचा, बुद्धिबळातल्या उंटासारखा: D ची पहिली ओळ I च्या दुसरीशी, D ची दुसरी I च्या तिसरीशी, असं. इंजिनिअरिंगची मुलं हेच जनरलाइज्ड रूल म्हणून u v1 − u' v2 + u'' v3 असं पाठ करतात, गोष्ट एकच आहे, टेबल म्हणजे तो रूल उभा लिहिलेला.

आता घोळाचं मूळ. या टेबलमध्ये मायनस दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून येतो आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. डावीकडच्या कॉलमातला मायनस बाय पार्ट्सच्या फॉर्म्युल्यातून येतो, कारण प्रत्येक वेळी बाय पार्ट्स लावलं की उरलेल्या इंटिग्रलच्या मागे एक मायनस लागतो, दुसऱ्यांदा लावलं की मायनसचा मायनस म्हणजे प्लस, तिसऱ्यांदा परत मायनस. e च्या डोक्यावर काय आहे याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही, e^(5x) असलं तरी तो येणारच. दुसरा मायनस I कॉलममध्ये येतो, कारण e^(-2x) इंटिग्रेट करताना -2 ने भागावं लागतं. हा फक्त घातांक निगेटिव्ह असेल तरच येतो. e^(3x) असताना दुसरा प्रकार नसतोच, म्हणून तिथे कुणी चुकत नाही. e^(-2x) ला दोन्ही एकदम येतात, दोन्ही एक सोडून एक बदलतात, आणि मग मेंदू म्हणतो की अरे हे चिन्ह तर आपण घेतलं की आत्ता.

एक गणित पूर्ण करूया, मुद्दाम असं घेतलंय ज्यात x² ची टर्म नाही, कारण तिथेही लोक गडबडतात.

∫ (2x³ − 5x + 1) e^(-2x) dx

```
चिन्ह    D                  I
 +     2x^3 - 5x + 1      e^(-2x)
 -     6x^2 - 5           (-1/2) e^(-2x)
 +     12x                ( 1/4) e^(-2x)
 -     12                 (-1/8) e^(-2x)
       0                  (1/16) e^(-2x)
```

I कॉलम नीट बघा. दर ओळीला -2 ने भाग, म्हणजे 1, मग -1/2, मग 1/4, मग -1/8, मग 1/16. D कॉलममध्ये शेवटची कामाची ओळ 12 आहे आणि तिचा जोडीदार 1/16 आहे, म्हणजे शून्याच्या शेजारी बसलेला. शून्य आलं म्हणून ती ओळ लिहायचीच नाही असं करणारे बरेच आहेत, आणि मग 12 ला जोडीदारच राहत नाही, तो बिचारा एकतर सुटतो नाहीतर बाजूच्या -1/8 ला आडवा चिकटवला जातो. शून्याची ओळ लिहाच.

तिरके गुणाकार, e^(-2x) बाहेर ठेवून, चिन्ह आधी आणि I चा आकडा कंसात:

```
+ (2x^3 - 5x + 1)(-1/2)  =  -x^3 + (5/2)x - 1/2
- (6x^2 - 5)(1/4)        =  -(3/2)x^2 + 5/4
+ (12x)(-1/8)            =  -(3/2)x
- (12)(1/16)             =  -3/4
```

बेरीज केली तर x³ चा -1, x² चा -3/2, x चा 5/2 − 3/2 म्हणजे 1, आणि सुट्टा आकडा -1/2 + 5/4 − 3/4 म्हणजे 0. उत्तर:

e^(-2x) · (−x³ − (3/2)x² + x) + C

सुट्टा आकडा शून्य आला म्हणून घाबरून परत सोडवायला बसू नका, इथे तो खरंच शून्य आहे. चार ओळींपैकी तीन ओळींतून आकडे येतात आणि योगायोगाने एकमेकांना खाऊन टाकतात.

आता ताळा कसा करायचा, कारण खरं निवारण तिथे आहे. बहुतेक जण म्हणतात, उत्तर डिफरन्शिएट करून बघा, आणि मग प्रॉडक्ट रूल लावून e^(-2x) ओढत ओढत अर्धं पान भरतात आणि त्यात नवीन चूक करतात. एवढं करायची गरज नाही. उत्तर e^(ax)·Q असं असेल तर त्याचं डेरिव्हेटिव्ह e^(ax)·(Q' + aQ) असतं, म्हणजे फक्त Q' + aQ काढायचं आणि ते मूळ बहुपदीएवढं आलं पाहिजे. e लिहायचंच नाही. आपल्या गणितात a = -2 आणि Q = −x³ − (3/2)x² + x, तर

Q' = −3x² − 3x + 1
−2Q = 2x³ + 3x² − 2x

बेरीज 2x³ − 5x + 1. जुळलं, विषय संपला. दोन ओळींचं काम आहे, पेपरात रफ कॉलममध्ये मावतं.

ताळा जुळला नाही तर? इथे लोक अख्खं टेबल परत करायला घेतात आणि तीच सवय असल्यामुळे तीच चूक तिथेच परत होते. त्यापेक्षा चुकलेल्या उत्तराकडे बघा, ते स्वतःच सांगतं कुठे चुकलंय. सगळ्यात आधी सर्वात मोठ्या घाताच्या टर्मकडे बघायचं, बाकी काही बघायचं नाही. ती फक्त टेबलच्या पहिल्या तिरक्या गुणाकारातून येते, दुसरी कुठलीच ओळ तिथे पोचत नाही, कारण खाली सगळ्यांची डिग्री कमी झालेली असते. म्हणून उत्तरातला तिचा सहगुणक म्हणजे मूळचा सहगुणक भागिले a, इथे 2 भागिले -2, म्हणजे -1. ठरलेलं आहे.

समजा तुमच्याकडे −x³ ऐवजी +x³ आलंय. मग I कॉलममधला मायनस गेला, म्हणजे तुम्ही 1/2, 1/4, 1/8, 1/16 असे सगळे प्लस लिहिलेत. पूर्ण उत्तर x³ − (3/2)x² − x + 1 असं येईल. परवा एका मुलीच्या वहीत हे बघितलं आणि कारण फारच साधं निघालं: तिने अपूर्णांक उभे लिहिले होते आणि -1/2 चं मायनस इतकं आखूड, इतकं खाली काढलं होतं की ते भागाकाराच्या रेषेलाच चिकटलं. रेषा थोडी लांब दिसत होती, बस्स. खालच्या ओळीला येताना तिने तिथे 1/2 वाचला आणि पुढे सगळं त्यावरून केलं. ती बाई गणितात चांगली आहे, चूक पेनाची. म्हणून मी I कॉलमात आकडा कंसात लिहायला सांगतो, (-1/2), मायनस कंसाच्या आत, आणि e नंतर. लोकलमध्ये उभं राहून सोडवत असाल तर आणखीच, डोंबिवली फास्टमध्ये काढलेल्या मायनसचा भरवसा धरू नये.

आता दुसरी केस, −x³ बरोबर आहे पण पुढचं चुकतंय, आणि x² चा सहगुणक −3/2 ऐवजी +3/2 आलाय. पूर्ण उत्तर −x³ + (3/2)x² + x − 1 येतं. ही चूक म्हणजे डावीकडची प्लस मायनसची रांग वापरलीच नाही, कारण I कॉलममध्ये चिन्हं आधीच आलटून पालटून दिसत होती आणि वाटलं की हेच ते. ही केस माझ्याकडे सगळ्यात जास्त येते. मुलं टेबल भरताना डावीकडे चिन्हं लिहितातही, पण गुणाकार करताना I कॉलमकडे बघतात, तिथे मायनस, प्लस, मायनस, प्लस असं छान चाललेलं दिसतं, आणि डावा कॉलम नुसता शोभेला राहतो.

गंमत बघा, वरची पहिली चूक आणि ही दुसरी चूक, दोन्हींची उत्तरं लिहून बघा: एक बरोबर दुसऱ्याचं उलट आहे, सगळी चिन्हं पलटलेली. असं का, ते कळायला अवघड नाही. a च्या चिन्हामुळे येणारा मायनस काढून टाकला काय किंवा फॉर्म्युल्याचा मायनस काढून टाकला काय, दोन्हीत चिन्हं एक सोडून एकच राहतात, फक्त सुरुवात प्लसने की मायनसने एवढाच फरक. म्हणून दोन मित्रांनी आपापली उत्तरं ताडून बघितली आणि "अरे आपलं फक्त मायनस कॉमन काढायचं राहिलंय" म्हणून समाधान करून घेतलं तर दोघेही चुकलेले असू शकतात. पुस्तकातल्या उत्तराशी जुळवताना पण हेच होतं, विशेषतः पुस्तकात -e^(-2x) बाहेर काढून लिहिलेलं असेल तर.

उरलेल्या दोन खुणा पटकन. उत्तर 2x³ ने सुरू होत असेल, म्हणजे मूळ बहुपदी जशीच्या तशी पहिल्या टर्ममध्ये येऊन बसली असेल, तर गुणाकार आडवा केलात, तिरका नाही. आणि −4x³ आलं असेल तर भागायच्या ऐवजी गुणलंत, म्हणजे I कॉलमात इंटिग्रेशन न करता डिफरन्शिएशन केलंत. शेजारच्या D कॉलममध्ये डेरिव्हेटिव्ह चाललेलं असतं, हात तसाच पुढे जातो. दोन्ही कॉलम ओळीओळीने एकत्र भरणाऱ्यांचं हे जास्त होतं, त्यापेक्षा D पूर्ण शून्यापर्यंत भरून घ्या आणि मग वर येऊन I भरा.

आता कायमचा इलाज. दोन्ही मायनस एकत्र आले तर नेमकं काय होतं ते एकदा शांतपणे बघा. पहिली ओळ, डावीकडे प्लस, I मध्ये मायनस: गुणाकार मायनस. दुसरी ओळ, डावीकडे मायनस, I मध्ये प्लस: मायनस. तिसरी, प्लस आणि मायनस: मायनस. चौथी, मायनस आणि प्लस: मायनस. म्हणजे घातांक निगेटिव्ह असेल तर प्रत्येक ओळ मायनसच येते. आलटून पालटून काहीच नाही. दोन आलटणाऱ्या रांगा एकमेकींच्या विरुद्ध पावलावर चालतात आणि एकमेकींना पुसून टाकतात, शिल्लक राहतो एकच मायनस, सगळ्यांना कॉमन. b पॉझिटिव्ह धरून

∫ P e^(-bx) dx = −e^(-bx) · (P/b + P'/b² + P''/b³ + …) + C

आतमध्ये सगळे प्लस. आपलं गणित यात टाकून बघा, b = 2:

```
P/2     =  x^3 - (5/2)x + 1/2
P'/4    =  (3/2)x^2 - 5/4
P''/8   =  (3/2)x
P'''/16 =  3/4
```

बेरीज x³ + (3/2)x² − x, बाहेर एक मायनस, तेच उत्तर. आणि काम किती कमी झालं. मी मुलांना सांगतो की घातांकात मायनस दिसला की टेबलमध्ये डावीकडचा चिन्हांचा कॉलम काढूच नका, I मध्ये फक्त 1/b, 1/b², 1/b³ लिहा, आणि संपूर्ण कंसाच्या बाहेर एक जाड मायनस मारा. घातांक पॉझिटिव्ह असेल तर उलट, I मध्ये सगळे प्लस आणि डावीकडची प्लस मायनसची रांग ठेवा. दोन्ही वेळा चिन्हांचा एकच प्रकार हाताळायचा, दोन कधीच नाहीत. फक्त एक लक्षात असू द्या, मी इथे ओळींच्या चिन्हांबद्दल बोलतोय. P' च्या आतच −5 असेल तर तो −5 राहणारच, वर −5/4 दिसतोय तसा. काही जण "सगळे प्लस" ऐकून तोही प्लस करून टाकतात.

परीक्षेत टेबल दाखवायचंच असेल आणि सरांना चिन्हांचा कॉलम बघायची सवय असेल तर पहिल्या पद्धतीने लिहा, आणि शेवटी हा सगळे मायनस वाला नियम ताळा म्हणून वापरा: तिरके गुणाकार काढताना प्रत्येक ओळीचं चिन्ह आणि I चा आकडा मिळून मायनस होतंय ना, एवढं नुसतं नजरेने बघा. एक जरी प्लस झाला तर तिथेच थांबायचं, ओळ सापडली.

e^(3−2x) असं काही आलं तर घाबरायचं नाही, डोक्यावर x चा पहिलाच घात आहे, भाग -2 नेच जातो, e³ नुसता बरोबर फिरतो. 2^x आला तर दर ओळीला ln 2 ने भागायचं, आणि 2^(-x) ला भाग -ln 2 ने, म्हणजे b = ln 2 धरून परत सगळे मायनस.

लिमिटवाली गणितं वेगळी सांगतो कारण तिथे अजून एक गळती आहे. वरच्याच गणिताला 0 ते 1 लिमिट लावा. x = 1 ला Q = −1 − 3/2 + 1 = −3/2, म्हणजे −(3/2)e^(-2). x = 0 ला Q शून्य. उत्तर −(3/2)e^(-2), साधारण −0.203. आता फंक्शन पॉझिटिव्ह सुरू होतं, x = 0 ला 1 आहे, मग निगेटिव्ह उत्तर कसं असं एकाने विचारलं होतं. प्रश्न बरोबर आहे, बघायलाच पाहिजे. x = 0.25 ला कंस जवळजवळ −0.22 होतो, म्हणजे फंक्शन त्याच्या आधीच अक्षाखाली गेलंय आणि 1 पर्यंत खालीच राहतं, त्यामुळे निगेटिव्ह येणं रास्त आहे.

पण इथे खालची लिमिट शून्य आली ती सुट्टा आकडा योगायोगाने उडाला म्हणून. मुलांना सवय लागते की x = 0 टाकला की सगळं शून्य. बहुपदीत शेवटचा 1 बदलून 2 करा, (2x³ − 5x + 2), तर Q मध्ये −1/2 वाढतो आणि x = 0 ला किंमत −1/2 येते, कारण e^0 म्हणजे 1, शून्य नाही. उत्तर −2e^(-2) + 1/2, साधारण 0.229. खालची लिमिट गाळली तर −0.27 येतं, म्हणजे चिन्हासकट चुकीचं. तुमचं अनिश्चित इंटिग्रल ताळ्यात जुळतंय आणि लिमिट लावल्यावर उत्तर पुस्तकाशी जुळत नाही असं होत असेल तर नव्वद टक्के इथेच बघा, टेबलला हात लावू नका.

लाप्लासवाल्यांसाठी हाच सुट्टा आकडा सगळं काही आहे. t³ चा लाप्लास म्हणजे ∫ t³ e^(-st) dt, 0 ते अनंत, s पॉझिटिव्ह. टेबलमध्ये D कॉलम t³, 3t², 6t, 6, आणि b च्या जागी s. सगळे मायनस वाला नियम लावा:

−e^(-st) · (t³/s + 3t²/s² + 6t/s³ + 6/s⁴)

वरची लिमिट अनंत, तिथे e^(-st) एवढा जोरात खाली येतो की t³ त्याच्यापुढे टिकत नाही, शून्य. खालची लिमिट 0, तिथे t असलेले तिन्ही गेले, उरला 6/s⁴, बाहेर मायनस आणि खालची लिमिट वजा करायची म्हणून अजून एक मायनस, उत्तर +6/s⁴. पाठ असलेल्या फॉर्म्युल्यात n!/s^(n+1) असतं, 3! म्हणजे 6, जुळलं. इथे जर −6/s⁴ येत असेल तर नीट विचार करा: t³ आणि e^(-st) दोन्ही पॉझिटिव्ह आहेत, त्यांच्याखालचं क्षेत्रफळ निगेटिव्ह कसं येईल? एक तर कंसाच्या बाहेरचा मायनस हरवला नाहीतर खालची लिमिट वजा करायची राहिली. आणि 6/s³ आलं असेल तर शेवटची ओळ आडवी जोडलीत, म्हणजे शून्याच्या ओळीचा तोच जुना लोचा.

आणि शेवटचं, काही गणितांत टेबल बिघडत नाही, ते तिथे चालतच नाही, आणि मुलं चिन्हं शोधत बसतात. डोक्यावर x चा पहिला घात नसेल, x² असेल, तर I कॉलम दुसऱ्या ओळीलाच अडतो. e^(x²) इंटिग्रेट करताना काही जण सरळ 2x ने भागून e^(x²)/(2x) लिहितात आणि पुढे जातात. ते चूक आहे, डिफरन्शिएट करून बघा, भागिलेचा नियम लागतो आणि एक जादा टर्म उरते. आकड्याने भागणं चालतं, x ने भागणं चालत नाही.

त्यातही ∫ x³ e^(x²) dx सुटतं, पण आधी t = x² घ्यायचा. x dx म्हणजे dt/2, उरलेला x² म्हणजे t, गणित झालं ½∫ t e^t dt, आता याला टेबल लावा, दोन ओळींत (t − 1)e^t, म्हणून उत्तर ½(x² − 1)e^(x²) + C. बाहेरचा घात विषम असेल तर हे नेहमी जमतं. बाहेर x² असेल तर, ∫ x² e^(x²) dx, हे नेहमीच्या फंक्शनांत लिहिताच येत नाही, टेबल कसंही भरा. पेपरात e^(-x²) बरोबर x² आणि लिमिट 0 ते अनंत दिसली तर तो प्रश्न बाय पार्ट्सच्या टेबलचा नाहीच, बीटा गॅमाचा आहे, t = x² घेऊन गॅमा फंक्शन करा, उत्तर √π/4 येईल.